निबंधाचं पोस्टर करायचंय? असं लिहा पत्र

समजा, विहिरींच्या पाणीपातळीवरचा आठ पानी निबंध तुम्ही परिषदेला पाठवलाय. पण उन्हाळ्यातल्या नोंदी अपुऱ्या आहेत, हे नंतर लक्षात आलं. अशा वेळी निबंध मागे घेण्याऐवजी तो पोस्टर म्हणून मांडू देण्याची विनंती करता येते. मात्र ती कार्यक्रमपत्रिका छापण्याआधी करावी आणि सहलेखकांची संमती आधी घ्यावी.

अध्यक्षांकडे असे शेकडो निबंध असतात, म्हणून पहिल्याच ओळीत निबंध क्रमांक आणि मागणी हवी. कारण दोन वाक्यांत, खरं तेच सांगावं. पत्राचा गाभा पुढे येतो:

“पूर्वसंशोधनाचा आढावा दोन वाक्यांवर आणला आहे. पद्धतीच्या जागी विहिरींचा नकाशा राहील. पाच तक्त्यांऐवजी पावसाळ्यानंतरच्या पातळीचा एकच आलेख असेल. उन्हाळ्याविषयीचा निष्कर्ष वगळला असून सुधारित सारांश सोबत जोडला आहे.”

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. नुसतं ‘निबंध लहान केला’ म्हटलं, तर अपुरा दावा तसाच राहिला का, हे अध्यक्षांना कळत नाही. ए-झीरो कागद ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा असतो, पण त्यावर आठ पानं चिकटवली तर उभ्याने कोणी वाचत नाही.

पोस्टर इतिवृत्तात छापलं जाणार का, हेही पत्रातच विचारा. पूर्ण निबंध पुढे नियतकालिकाला द्यायचा असेल, तर हे उत्तर लेखी हाती असू द्या.