विमानात सेंट नेताना

वरणगावच्या आमच्या गटातल्या एक मावशी मागच्या वर्षी लेकीकडे दुबईला निघाल्या. सुनेने दिलेली सेंटची बाटली त्यांनी हातातल्या बॅगेत ठेवली. सेंट जेमतेम 60 मिली उरला होता, तरी तपासणीत बाटली काढून घेतली. कारण बाटली 200 मिलीची होती. आत किती आहे ते तिथे धरत नाहीत, बाटली केवढी ते धरतात. परदेशी जाताना जवळच्या बॅगेत प्रत्येक बाटली 100 मिलीपर्यंतचीच लागते, आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक झिपच्या पिशवीत मावाव्या लागतात.

यंदा आम्ही त्यांना 10 मिलीची छोटी स्प्रे बाटली भरून दिली. मोठ्या बाटलीचे दाबायचे टोपण सरळ वर ओढून काढले, छोटीच्या बुडाचे छिद्र तिथल्या नळीवर बसवले आणि हळूहळू दाबत गेलो. सेंटमधले अल्कोहोल पेट घेते, म्हणून गॅसपासून लांब बसलो. बाटली पाऊणच भरली. विमानात बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते. वर मोकळी जागा ठेवून बाटली उभी ठेवली, तर फटीतून सेंटऐवजी हवा निघते.

गळते का, हे आदल्या रात्रीच पाहिले. सेंट उडून जातो, त्यामुळे डाग दिसेलच असे नाही. म्हणून पातळीवर पेनाने खूण केली, बाटली रात्रभर आडवी ठेवली. सकाळी उभी केली, तर पातळी खुणेवरच होती.

तेलकट अत्तर मात्र स्प्रेत भरू नका, नळी तुंबते. त्याला गोळीची बाटलीच बरी.