चित्र बॅटरीचं, दुखणं डायनॅमोचं

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून पुण्याला येताना माझ्या मेहुण्यांच्या गाडीत बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला. कसेबसे घरी पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवी बॅटरी बसवून घेतली. दिवा तरी विझेना. तिसऱ्या दिवशी सकाळी नवी बॅटरीही उतरलेली होती.

चित्र बॅटरीचं असलं तरी हा दिवा चार्जिंगचा आहे. चावी फिरवल्यावर तो लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो, ते ठीकच. चालत्या गाडीत लागला, तर बहुधा अल्टरनेटर वीज तयार करत नाहीये. गॅरेजमध्ये त्यालाच डायनॅमो म्हणतात. इंजिन चालू असताना गाडीची सगळी वीज तो पुरवतो, वर बॅटरीही भरतो. तो थांबला की सगळा भार बॅटरीवर येतो. रात्री पावसात हेडलाइट, वायपर, पंखा आणि इंजिनचा पेट्रोल पंप मिळून वीस-पंचवीस अँपिअर सहज खातात. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला हे कागदावर दीड तास पुरेल, प्रत्यक्षात बरंच कमी.

म्हणून दिवा लागताच एसी आणि रेडिओ बंद करावा आणि नजर तापमानाच्या काट्याकडे न्यावी. कारण डायनॅमोला फिरवणारा पट्टा बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही फिरवतो. काटा चढत असेल किंवा स्टिअरिंग अचानक जड झालं असेल, तर पट्टा तुटला असं समजून गाडी तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावं. पुढे रेटली तर हेड गॅस्केट जाऊ शकतं, आणि तो खर्च पट्ट्याच्या कितीतरी पट असतो. काटा जागेवर असेल, तर मात्र जवळच्या गॅरेजपर्यंत इंजिन बंद करू नये. थकलेल्या बॅटरीवर सेल्फ पुन्हा लागेलच असं नाही.

मेहुण्यांकडे शेवटी एक इलेक्ट्रिशियन आला. त्याने बॅटरी चार्ज करून मल्टिमीटर लावला. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट. इंजिन सुरू केल्यावर आकडा १४ च्या आसपास जायला हवा होता, पण तो १२.२ वर आला आणि खालीच सरकत राहिला. चालत्या इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघण्याची जुनी पद्धत त्याने टाळली, ते मला फार आवडलं. त्या झटक्याने आजच्या गाड्यांचा ईसीएम जळू शकतो. पट्टा त्याने बोटाने दाबून पाहिला. ताण नीट होता, कुठे चीर नव्हती. डायनॅमो उतरवला तेव्हा आतले दोन्ही कार्बन झिजून अगदी आखूड झालेले दिसले. फिरणाऱ्या भागापर्यंत वीज पोहोचवणारे हेच तुकडे. ते टेकेनासे झाले की डायनॅमो नुसता फिरतो.

कार्बन बदलल्यावर मीटरने १४.१ दाखवले आणि दिवा विझला. जुनी बॅटरी तेवढी एक्स्चेंजमध्ये गेलेली होती.