उठताना येणारी चक्कर आणि तीन चिठ्ठ्यांवरच्या गोळ्या

रमजानचे पहिले चार-पाच रोजे झाले की घरातल्या वडीलधाऱ्यांची एक तक्रार ऐकू येते. "सहेरीला उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली", "सजद्यातून उभा राहताना घेरी आली." घरचे म्हणतात, रोज्याचा अशक्तपणा असेल. एकादशी किंवा नवरात्राचे उपवास धरणाऱ्या आजींच्या घरीही हेच म्हणतात. उपवास हे कारण असू शकते, पण बऱ्याचदा खरे कारण औषधांच्या डब्यात असते आणि उपवासाने ते फक्त उघडे पडते.

आपण झोपेतून उठून उभे राहिलो की अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. मानेतल्या रक्तवाहिन्यांना हे लगेच कळते. त्यांच्या इशाऱ्यावर नाडी वाढते, पायांच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि डोक्याला रक्त मिळत राहते. वयाबरोबर ही यंत्रणा मंद होते. जुन्या मधुमेहात तिच्या नसाच दुबळ्या होतात. त्यात शरीरात पाणी कमी असेल किंवा गोळ्यांनी रक्तवाहिन्या सैल केल्या असतील, तर उभे राहताच रक्तदाब घसरतो. चक्कर येते, माणूस पडतो. सत्तरीनंतरचे पडणे म्हणजे अनेकदा खुब्याचे हाड मोडणे.

नेहमीच्या तपासणीत हे दिसत नाही, कारण बीपी खुर्चीत बसवून मोजतात. हे ओळखायचे तर माणसाला पाच मिनिटे आडवे झोपवून बीपी आणि नाडी मोजावी. मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावी. वरचा आकडा 20 किंवा अधिक, अथवा खालचा 10 किंवा अधिक उतरला, तर उठताना बीपी पडतो हे नक्की. दंडाला बांधायच्या डिजिटल मशीनवर हे घरीही जमते. फक्त उभे असताना हाताला छातीच्या पातळीवर आधार द्यावा, मागे खुर्ची ठेवावी आणि शेजारी एक माणूस उभा राहू द्यावा. कुशीवर वळताना घर फिरल्यासारखे वाटत असेल, तर ती बहुधा कानाची चक्कर असते. तिचा इलाज वेगळा.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दिग्रसकडचे 76 वर्षांचे एक शेतकरी आजोबा. बीपी आणि साखर पंधरा वर्षांपासून. एके काळी 58 किलो असलेले वजन आता 48 वर आले आहे, गोळ्या मात्र तेव्हाच्याच आहेत. सकाळी टेल्मिसार्टन 40 आणि लघवीवाटे पाणी काढणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड 12.5 अशी जोडगोळी. रात्री अॅम्लोडिपिन 5. साखरेसाठी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन. वर्षभरापूर्वी प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन 0.4 सुरू झाली, ती ते सकाळी उपाशीपोटी घेतात. बीपीची चिठ्ठी एका डॉक्टरांची, साखरेची दुसऱ्यांची, लघवीची तिसऱ्यांची. तिन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर कधी आल्याच नाहीत.

बसून बीपी 134/78, म्हणजे उत्तम. पण झोपून 142/80 आणि नाडी 72, उभे राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला 108/66 आणि नाडी 86. वरचा आकडा 34 ने उतरला.

डॉक्टर आधी बाकीची कारणे तपासतात. हिमोग्लोबिन, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, ईसीजी. चक्कर आल्या क्षणी ग्लुकोमीटरवर साखर, कारण ग्लिमेपिराइडने साखर उतरली तरी माणूस असाच गळून जातो. हे सगळे ठीक निघाले, तर पाळी गोळ्यांची.

इथे नियम एकच: एका वेळी एकच बदल. सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या तर काही दिवसांत बीपी उसळतो आणि लकव्याचा धोका येतो. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन अचानक थांबवणे तर फारच घातक. आजोबांच्या बाबतीत पहिली कात्री लागते पाणी काढणाऱ्या औषधाला. सुकलेल्या शरीरातून आणखी पाणी काढण्यात अर्थ नसतो. जोडगोळी बंद करून नुसती टेल्मिसार्टन 40 ठेवली. दहा दिवसांनी झोपून 146/82, उभे 124/72. घसरण 22 वर आली, पण अजून सीमेच्या आत नाही.

दुसरी पाळी टॅम्सुलोसिनची. ती प्रोस्टेटबरोबर रक्तवाहिन्याही सैल करते आणि उपाशीपोटी घेतली तर रक्तात जास्त उतरते. तिची योग्य वेळ जेवणानंतर, रोज एकाच जेवणानंतर. ती बंद केली तर लघवी अडू शकते, म्हणून बंद न करता रात्रीच्या जेवणानंतर दिली. रात्री अंधारात उठावे लागू नये म्हणून खाटेजवळ लघवीचे भांडे ठेवले. पुढच्या तपासणीत झोपून 144/80, उभे 130/74. चक्कर थांबली. झोपूनचा आकडा थोडा वर आहे, पण इतक्या कृश माणसात डॉक्टर तो चालवून घेतात. अॅम्लोडिपिनला हात लावावाच लागला नाही.

हेच आजोबा रमजानमध्ये काय करतात ते पाहू. दिवसाच्या गोळ्या सरकून सहेरी आणि इफ्तारवर येतात. सहेरीला पाणी काढणारी गोळी घेतली की आधी लघवीला जावे लागते आणि मग दिवसभर थेंब नाही. वर फेब्रुवारी-मार्चपासूनच तापू लागणारे आपले ऊन. संध्याकाळी भरपेट इफ्तारबरोबर उरलेल्या गोळ्या. भारी जेवणानंतर रक्त पोटाकडे वळते आणि पुढचे तास-दोन तास बीपी आणखी खाली राहतो. नेमक्या त्याच वेळी तरावीहची लांब नमाज असते आणि सजद्यातून थेट उभे राहायचे असते.

म्हणून गोळ्यांच्या वेळा घरी ठरवू नयेत. शक्यतो रमजानपूर्वीच सगळ्या चिठ्ठ्या, पाकिटे आणि बीपीची वही घेऊन एकाच डॉक्टरांकडे जावे. खासगी डॉक्टर नसतील तर जवळचे सरकारी रुग्णालय किंवा यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इफ्तार थोडी घेऊन उरलेले जेवण तरावीहनंतर करावे. तरावीह खुर्चीवर बसून पढावी. इफ्तार ते सहेरी पाणी वाटून प्यावे, मात्र हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर किती प्यायचे हे डॉक्टरांनी ठरवावे. उठताना आधी बसावे, घोटे दहा-बारा वेळा हलवावेत, मग उभे राहावे.

डॉक्टरांनी रोजा नको म्हटले तर तो ऐकण्यात गुन्हा नाही. आजाऱ्याला कुरआनानेच सूट दिली आहे आणि ज्याची तब्येत पुन्हा रोजा धरण्याजोगी होणार नाही, त्याच्यासाठी फिदिया आहे.

शुद्ध हरपली, छातीत दुखले, शौच डांबरासारखे काळे झाले, तोंड वाकडे झाले, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्यावर पडले, तर बीपी मोजत बसू नये. 108 ला फोन करावा.