गाडीत जागा आहे, पण…

कोथरूडहून हिंजवडीला जाणारा सहकारी म्हणतो, "उद्यापासून माझ्याच गाडीतून चल. चौघं झालो की पेट्रोल वाटून घेऊ." बोलावणं आपुलकीचं असतं. पण ते स्वीकारलं की सकाळी निघण्याची आणि संध्याकाळी परतण्याची वेळ आपल्या हातात राहत नाही. मीटिंग लांबली तर तिघं खाली ताटकळतात. आपलं काम लवकर आटोपलं तर आपण ताटकळतो. शिवाय प्रवासातला निवांत वेळ गप्पांत जातो.

अशा वेळी अनेक जण "बघू, पुढच्या आठवड्यात सांगतो" म्हणतात. घोळ इथेच होतो. समोरचा जागा राखून ठेवतो आणि सोमवारी पुन्हा विचारतो. "मला गाडी लागते" ही थाप तर त्याहून वाईट. तो लगेच तोडगा काढतो, "मग पुढे बस ना!" आता दुसरी थाप शोधा.

त्यापेक्षा त्याच दिवशी, ग्रुपवर नव्हे तर त्याला एकट्याला गाठून सांगावं, "विचारलंस, बरं वाटलं. पण माझी सुटायची वेळ ठरलेली नसते आणि जाता-येता मला जरा शांत बसायला आवडतं. रोजचं नको. माझी जागा दुसऱ्या कुणाला दे." कारण एकदाच सांगावं, त्याला शेपूट जोडू नये. "कधी बस चुकली तर तुलाच फोन करीन" हे मात्र खरंच करणार असलो तरच म्हणावं.