आइन्स्टाईनचा नीच बुध

मुलाची पत्रिका घेऊन येणाऱ्या आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुधा बुधाचा असतो. शिक्षणात गती किती, बोलणं कसं, पुढे धंदा जमेल की नोकरीच बरी? जातकशास्त्रात वाणी, गणित, लेखन आणि व्यापार या सगळ्यांचा कारक बुधच. कन्या राशीत तो उच्चीचा असतो, मीन राशीत नीचीचा. कन्येत तो निवडतो, मोजतो, वेगळं करतो. मीन ही गुरूची जलराशी, तिथे तपशील एकमेकांत विरघळतात, असं ज्योतिषी सांगतात. नीच बुधाच्या मुलाला पाठांतर जड जातं आणि बोलण्यात अडखळ येते, हे त्यावरून काढलेलं ठरीव फळ.

हे फळ ताडून पाहायला एक पत्रिका फार उपयोगी आहे. अल्बर्ट आइन्स्टाईन, जन्म १४ मार्च १८७९, जर्मनीतील उल्म, सकाळी साडेअकरा. वेळ जन्मनोंदीतली आहे, त्यामुळे लग्नाबद्दल वाद उरत नाही. चित्रापक्षीय अयनांश साधारण २२ अंश १० कला धरला की मिथुन लग्न येतं, म्हणजे लग्नेश बुधच. तो दशमात, मीनेत, सुमारे ११ अंशांवर. त्याच राशीच्या पहिल्या दीड अंशात रवी आणि शनी बुधापासून जेमतेम एका अंशावर. रवी-बुधात साडेनऊ अंशांहून थोडं अधिक अंतर आहे. बुध मार्गी असताना १४ अंशांच्या आत आणि वक्री असताना १२ अंशांच्या आत अस्तंगत मानतात, म्हणजे दोन्ही हिशेबांनी हा बुध अस्तंगत. नीच, अस्तंगत आणि शनीने ग्रासलेला!

रवी-बुध एकत्र म्हणून याला बुधादित्य योगही म्हणता येईल. पण बुध आकाशात रवीपासून २८ अंशांहून फार दूर जातच नाही. म्हणून प्रत्येक पत्रिकेत तो रवीच्याच राशीत नाहीतर शेजारच्या राशीत सापडतो. इतक्या जणांच्या वाट्याला येणाऱ्या योगावर बुद्धिमत्तेचं भाकीत उभं करणं मला पटत नाही.

आता आयुष्य पाहू. चंद्र ज्येष्ठा नक्षत्रात, म्हणून जन्मतः बुधाचीच महादशा, ती जवळजवळ पावणेदहा वर्षं पुरली. याच काळात मूल उशिरा बोलू लागलं. धाकटी बहीण माया हिने लिहून ठेवलंय की बोललेलं वाक्य तो ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणत असे, आणि ही सवय सातव्या वर्षापर्यंत राहिली. बुधाशेजारचा शनी इथे डोळ्यांत भरतो. पुढे गणितज्ञ आदामार यांना लिहिलेल्या पत्रात आइन्स्टाईन म्हणतात की आपल्या विचारात शब्दांना जवळपास स्थान नाही, आधी चित्रं येतात. मीनेतल्या बुधाचं याहून चपखल वर्णन कुठल्या ज्योतिष्याला सुचेल? धंद्याचं म्हणाल तर वडिलांचा म्युनिकमधला विजेच्या सामानाचा कारखाना बुडाला आणि १८९४ मध्ये कुटुंब इटलीला गेलं. मुलगा १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत लागला. इतरांच्या शोधांचे अर्ज वाचायचे, त्यातली खोट काढायची. दशमात बुध-शनी, म्हणजे सरकारी कागदपत्रांची नोकरी.

एवढं जुळल्यावर मन भुलतं. पण ही पत्रिका नाव झाकून दिली असती तर? ‘मंदबुद्धी’ म्हणायला नीच, अस्तंगत, शनियुक्त बुध पुरेसा होता. ‘अलौकिक’ म्हणायला नीचभंगाचं दार उघडंच आहे: मीनेचा स्वामी गुरू कुंभेत, चंद्रापासून केंद्रात, मीनेत उच्चीचा होणारा शुक्र बुधासोबत, तोही लग्नापासून केंद्रात. दोन्ही निष्कर्ष शास्त्राला धरूनच निघतात. कुठला घ्यायचा, हे आपल्याला आइन्स्टाईन कोण होते ते ठाऊक असल्यामुळे ठरतं.

नाव झाकण्याचा प्रयोग पुण्यात झाला आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या: शंभर हुशार, शंभर बौद्धिक अक्षमता असलेली. प्रत्येक ज्योतिष्याकडे चाळीस पत्रिका दिल्या, कुठलं मूल कुठल्या गटातलं ते सांगायचं होतं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली आणि त्यांपैकी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून निम्मी बरोबर येतात.

बुध बुद्धी किती ते सांगत नाही, ती कशी चालते ते सांगतो, असं यावर अनेक ज्योतिषी म्हणतात. तेही तपासता येईल. मूल ऐकून शिकतं की लिहून, बोलकं आहे की अबोल, हे घरच्यांनी एका कागदावर लिहून पाकिटात बंद करावं, ज्योतिष्याने आपलं उत्तर स्वतंत्र लिहावं, आणि मगच पाकीट उघडावं. प्रत्यक्षात आई खुर्चीत बसताबसताच सांगून टाकते, ‘‘गणितात कच्चा आहे हो, पण बडबड्या फार,’’ आणि बुध त्यानंतर पाहिला जातो.