सुट्टीची तारीख आणि तिकिटाची तारीख

नव्या वर्षाचं कॅलेंडर हातात आलं की लाल तारखा कोणत्या वारी आल्यात हे आपण आधी बघतो. शनिवार-रविवारी पडलेली सुट्टी वाया गेली म्हणून हळहळतो, शुक्रवार-सोमवारी आलेलीवर खूण करतो. फिरायला जाणाऱ्याच्या खऱ्या उपयोगाची तारीख मात्र त्या पानावर नसते. ती साधारण दोन महिने आधीच्या पानावर असते आणि तिथे ती छापलेली नसते, आपल्याला मोजून लिहावी लागते. २०२६ च्या दसऱ्याचं उदाहरण घेऊन ती कशी काढायची ते पाहू.

२०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे गांधी जयंतीच्याच दिवशी आला आणि नोकरदारांची एक सुट्टी बुडाली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे पुढचे सण लांबले आणि दसरा २० ऑक्टोबरला, मंगळवारी आला. शनिवार १७, रविवार १८, सोमवार १९ आणि मंगळवार २०. मधल्या सोमवारी एक रजा टाकली की सलग चार दिवस मोकळे.

त्याच महिन्यात २ ऑक्टोबर शुक्रवारी आहे, म्हणजे तीन दिवस रजेशिवाय मिळतात. तरीही एक रजा हाताशी असेल तर मी दसऱ्याची निवड करीन. शुक्रवारची सुट्टी सगळ्यांनाच फुकट मिळते, त्यामुळे सगळेच एका रात्री निघतात आणि रविवारी संध्याकाळी सगळेच परततात. मंगळवारच्या सुट्टीसाठी सोमवारची रजा मंजूर व्हावी लागते आणि ती प्रत्येकाची होत नाही. शिवाय दसऱ्याला घरी पूजा असते, दारी तोरण असतं, म्हणून पुष्कळ घरं त्या दिवशी हलत नाहीत. गर्दी पांगते ती अशी.

रजेचा हिशोब तिकिटाच्या आधी करावा लागतो, कारण सरकारी यादीतली प्रत्येक सुट्टी खासगी नोकरीत मिळतेच असं नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. दसरा त्या चारांत आहे का, हे आपल्या कंपनीच्या यादीत पाहून घ्यावं. बँकेतल्या माणसाला आणखी एक अडचण आहे. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असतो, आणि १७ ऑक्टोबर हा तिसरा शनिवार आहे. त्याला एकाऐवजी दोन रजा लागतील.

काही कंपन्यांत 'सँडविच'चा नियम असतो. दोन रजांच्या मध्ये सुट्टी आली तर तीही रजेतच धरतात. फक्त सोमवारची रजा टाकली तर तिच्या दोन्ही बाजूंना सुट्ट्या आहेत, मध्ये काही अडकत नाही. पण परतीला निवांतपणा हवा म्हणून बुधवारचीही रजा टाकली, तर मधला मंगळवार सापडतो आणि दोन रजांच्या तीन होतात. मनुष्यबळ विभागाला एक ओळीची मेल करून हे आधीच विचारून घ्यावं.

आता प्रवास. समजा मुंबईतलं चार जणांचं कुटुंब मालवणला जाणार आहे. पावसाळ्यात बंद असलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या असतात आणि तारकर्लीचं पाणीही हळूहळू निवळू लागतं. उतरायचं कुडाळला, तिथून मालवण तीसेक किलोमीटर.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. हे ६० दिवस मोजताना प्रवासाचा दिवस धरायचा नाही. शुक्रवारी १६ ऑक्टोबरला रात्री मुंबईहून सुटणाऱ्या कोकणकन्येचं आरक्षण म्हणून सोमवारी १७ ऑगस्टला सकाळी आठ वाजता उघडेल. कॅलेंडरच्या ऑगस्टच्या पानावर हीच तारीख लिहायची.

इथे नेहमी एक घोटाळा होतो. दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस आपल्या बोलण्यात 'शुक्रवार रात्रीची' असते, पण ती सुटते बारा वाजून पाच मिनिटांनी. रेल्वेच्या लेखी ती शनिवारची, १७ ऑक्टोबरची गाडी आहे. तिचं आरक्षण १८ ऑगस्टला उघडतं आणि तिकिटावर १७ तारीख असावी लागते. १६ तारखेचं तिकीट काढलं तर शुक्रवारी रात्री आपण फलाटावर पोचतो तेव्हा आपली गाडी आदल्याच रात्री गेलेली असते. उलट्या बाजूचा नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ६० दिवस मोजले जातात ते गाडी मूळ स्थानकावरून सुटण्याच्या तारखेपासून. केरळातून निघून दुसऱ्या दिवशी कोकणात येणाऱ्या नेत्रावतीसारख्या गाडीचं आरक्षण त्यामुळे आपल्या हिशोबाच्या एक दिवस आधीच उघडलेलं असतं.

परतीचा दिवस ठरवताना बहुतेक जण मंगळवारची रात्र धरतात. मी सोमवारची धरीन. शनिवार, रविवार आणि सोमवार असे तीन पूर्ण दिवस मालवणात मिळतात. सोमवारी संध्याकाळी कुडाळला कोकणकन्येत बसलं की मंगळवारी पहाटे मुंबईत पोचायचं, दसरा घरी, आणि बुधवारी ऑफिसला जायच्या आधी एक अख्खा दिवस विश्रांती. मंगळवारी रात्री परतणाऱ्यांच्या गर्दीत आपण नसतो. १९ ऑक्टोबरच्या या गाडीचं आरक्षण २० ऑगस्टला उघडतं. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एका दिवशी काढता येत नाही, म्हणून दोन्ही सकाळी घड्याळाचा गजर लावायचा.

त्या सकाळी करायचं काम थोडं असतं, पण त्याची तयारी आधी झालेली असावी. आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडून घ्यावं. ऑक्टोबर २०२५ पासून आरक्षण उघडताक्षणीची वेळ अशाच खात्यांसाठी राखीव आहे. चौघांची नावं आणि वयं खात्यातल्या यादीत आधीच साठवून ठेवावीत. शक्य असेल तर आठवडाभर आधी रंगीत तालीम करावी. १० ऑगस्टला सकाळी आठला ९ ऑक्टोबरची, म्हणजे आधीच्या शुक्रवारची, तीच गाडी उघडून नुसती पाहत बसायचं. थ्री एसी किती मिनिटांत भरतो आणि स्लीपर किती वेळ टिकतो ते दिसतं. दसऱ्याच्या आठवड्यात त्याहून कमी वेळ मिळेल, असं धरून आपला वर्ग ठरवावा.

परतीला कुडाळहून तिकीट शोधलं आणि समोर वेटिंग दिसलं, तर लगेच हात टेकू नयेत. मधल्या स्थानकांच्या वाट्याला बर्थ कमी असतात, मोठा साठा गाडी जिथून सुटते तिथून धरलेला असतो. वेटिंगच्या आधीची अक्षरं वाचावीत. `GNWL` असेल तर यादी बऱ्यापैकी सरकते, `PQWL` असेल तर आशा कमी. अशा वेळी मडगाव ते मुंबई तिकीट तपासावं आणि ते मिळत असेल तर चढण्याचं स्थानक कुडाळ निवडावं. भाडं थोडं जास्त पडतं, पण बर्थ पक्का मिळतो आणि हे नियमात बसतं. मात्र चढण्याचं स्थानक बदलायला विसरू नये, नाहीतर मडगावला कोणी चढलं नाही म्हणून बर्थ दुसऱ्याला जाऊ शकतो. आणि ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, पैसे परत येतात. ते घेऊन गाडीत चढता येत नाही.

दर उसळतात म्हणतात ते नेमके कुठे, हे नीट समजून घ्यायला हवं. कोकणकन्या किंवा तुतारीसारख्या मेल-एक्स्प्रेसचं भाडं दोन महिने आधी आणि दोन दिवस आधी तेच असतं, तिथे संपतात त्या जागा. भाव चढतो तो ज्यांना ती जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी, खासगी बसला आणि विमानाला. खासगी बसवाल्याने किती घ्यावं याला महाराष्ट्रात मर्यादा आहे. २०१८ च्या सरकारी निर्णयानुसार तशाच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त आकारता येत नाही. तिकीट काढण्याआधी एसटीचं भाडं पाहून दीडने गुणावं. त्याहून जास्त मागितलं तर ती रक्कम दिसेल असं तिकीट जपून ठेवावं आणि आरटीओकडे तक्रार करावी.

विमानाचं गणित निराळं. मोपा विमानतळ झाल्यापासून सावंतवाडी आणि मालवणसाठी तो मार्ग सोयीचा झालाय. विमानातल्या जागा एकाच दराने विकायला ठेवत नाहीत, लहान-लहान गटांत ठेवतात. स्वस्त गट संपला की पुढचा महाग गट उघडतो, म्हणून दर हळूहळू न चढता पायरी-पायरीने उडी मारतो. जोडसुट्टीच्या शुक्रवारी तळाचे गट मुळातच लहान ठेवलेले असतात. चौघांनी एकत्र शोधलं आणि स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील, तर चौघांनाही वरचा दर दिसतो. म्हणून आधी एका माणसासाठी, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी शोधावं. दर माणशी वाढलेला दिसला तर दोन-दोन जागांची वेगळी तिकिटं काढावीत. सोबत लहान मुलं असतील तर प्रत्येक तिकिटावर एक मोठा माणूस असेल एवढं पाहावं.

राहण्याची सोय मी गाडीच्या आधी करीन, पण फुकट रद्द करता येईल अशी. जुलैच्या शेवटी खोली धरून ठेवली की १७ ऑगस्टला तिकीट हुकलं तरी नुकसान नाही. मालवणातली बरीच घरगुती निवासं फोनवर बोलून आणि थोडी आगाऊ रक्कम घेऊन खोली देतात. तिथे पैसे पाठवण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: बेत रद्द झाला तर आगाऊ रक्कम कोणत्या तारखेपर्यंत परत मिळेल, आणि नवरात्र संपेपर्यंत घरात मासे शिजतात की नाही. दुसरा प्रश्न खाण्याच्या बेताचा आहे, आणि तो आधी न विचारल्याने हिरमुसलेले पाहुणे दर वर्षी दिसतात.

गणपतीच्या जोडसुट्टीला मात्र हा बेत आखू नये. २०२६ ची गणेश चतुर्थी सोमवारी १४ सप्टेंबरला आहे, शनिवारपासून तीन दिवस बिनरजेचे मिळतात आणि मोह होतो. पण त्या दिवसांत कोकणच्या गाड्या गावी आरतीला जाणाऱ्या चाकरमान्यांच्या असतात. १२ सप्टेंबरचं आरक्षण १४ जुलैला उघडतं आणि त्यांना ते तोंडपाठ असतं. फिरायला जाणाऱ्याने त्या आठवड्यात घाटावरचा रस्ता धरावा.

दसऱ्याचं तिकीट हुकलंच, तर पुढची संधी नाताळची आहे. २५ डिसेंबर शुक्रवारी येतो, रजा एकही लागत नाही. गुरुवारी २४ तारखेच्या रात्रीच्या गाडीचं आरक्षण रविवारी २५ ऑक्टोबरला उघडेल, दसऱ्यानंतर पाचच दिवसांनी.