चार बांध मोजले, तरी गुंठे चुकतात

शाहूवाडीच्या उतारावरचं एखादं चौकोनी वावर धरू. बांध ओळीने 25, 60, 52 आणि 39 मीटर. ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये दिलेल्या सूत्रात बाजूंच्या बेरजेचं निम्मं, म्हणजे अर्धपरिमिती s घ्यायची:

√((s−a)(s−b)(s−c)(s−d))

इथे s = 88. त्यातून एकेक बाजू वजा केली की 63, 28, 36, 49 उरतात. त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ 1764 चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेसतरा गुंठे.

पण हे खरं कधी? चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतील, म्हणजे समोरासमोरच्या कोनांची बेरीज 180 अंश भरेल, तेव्हाच. आपल्या वावरात 25 आणि 60 चे बांध काटकोनात असले, तर कर्ण 65 येतो आणि 39-52 चा कोपराही आपोआप काटकोनी होतो. तेव्हा उत्तर बिनचूक.

बांध तेच ठेवून तो कोपरा दाबला आणि कर्ण 50 झाला तर? कर्णाने पडलेले दोन त्रिकोण 614 आणि 918 चौरस मीटरचे, मिळून 1532. सव्वादोन गुंठ्यांहून जास्त फरक! चक्रीय नसलेल्या चौकोनात हे सूत्र नेहमी जास्तच क्षेत्र दाखवतं. विकणाऱ्याला ते गोड लागेल.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त हेच खडसावून सांगितलंय: कर्ण ठरल्याशिवाय चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाराही पिशाच्च आणि सांगणाराही. तेव्हा टेप एकदा आडवी, कोपऱ्यातून कोपऱ्यात धरायची.